पॉवर बँकेचा वाईट रिव्ह्यू लिहिताय? आधी या चुका टाळा

वाईट वस्तूला वाईट म्हणायलाच हवं. त्यात कुणाचं दुमत नाही. पण पॉवर बँकेखालचे एक स्टारवाले रिव्ह्यू वाचत बसलं की निम्म्यांबद्दल हळहळ वाटते. माणसाची तक्रार खरी असते, त्याचे पैसे खरंच वाया गेलेले असतात आणि तरी त्याने असं काही लिहून ठेवलेलं असतं की कंपनीचा कस्टमर केअरवाला एका वाक्यात ते उडवून लावतो. वर वाचणाऱ्याला वाटतं, याला बिचाऱ्याला काही कळत नाही.

हमखास दिसणारा नमुना असा: ‘२०,००० एमएएच लिहिलंय, मीटर लावून बघितलं तर १२,००० पण मिळत नाहीत. सरळ सरळ फसवणूक! आत जुने चायनीज सेल टाकलेत. कंपनीला सगळं माहीत आहे. फोन चार वेळा चार्ज व्हायला हवा, तीन वेळाही होत नाही. घेऊ नका, कधीही फुटेल.’

सहा छोटी वाक्यं, आणि सिद्ध करता येण्याजोगी गोष्ट त्यात जेमतेम एक.

पहिली चूक: आकडा कशाचा, हे न बघता हिशेब मांडणं

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर जरा वेळ घालवायलाच हवा.

बॉक्सवर ठळक छापलेले २०,००० एमएएच हे आतल्या लिथियम सेलचे असतात, आणि ते सेलच्या स्वतःच्या व्होल्टेजला, म्हणजे साधारण ३.७ व्होल्टला मोजलेले असतात. यूएसबी पोर्टातून बाहेर मात्र ५ व्होल्ट येतात. व्होल्टेज वाढवलं की एमएएचचा आकडा कमी होणारच, कारण एकूण ऊर्जा तेवढीच आहे. ती ऊर्जा वॉट-अवरमध्ये काढायची: २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, आणि २० गुणिले ३.७ म्हणजे ७४ वॉट-अवर. त्याला ५ ने भागलं की १४.८ अँपिअर-अवर, म्हणजे १४,८०० एमएएच. म्हणजे काहीही वाया न जाता, आदर्श स्थितीत, पोर्टावर जास्तीत जास्त एवढेच मिळू शकतात. शिवाय व्होल्टेज वाढवणारं सर्किट थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं. त्या सर्किटची कार्यक्षमता ८० ते ९० टक्के धरली तर पोर्टावर अंदाजे ११,८०० ते १३,३०० एमएएच येतात.

थोडक्यात, ‘१२,००० च मिळाले’ ही तक्रारच नाही. चांगली पॉवर बँकसुद्धा तेवढंच देते. बॉक्सच्या मागे किंवा पॉवर बँकेच्या पोटावर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून आणखी एक आकडा असतो, बहुतेक वेळा ५ व्होल्ट आणि अमुक अँपिअर अशा उल्लेखासह. तुलना करायची ती त्या आकड्याशी. ठळक आकडा मोठा आणि खरा आकडा बारीक छापणं मला पटत नाही, आणि रिव्ह्यूत तसं म्हणायला काहीच हरकत नाही. ते तुमचं मत आहे आणि छपाई सगळ्यांना दिसते. पण ‘२०,००० चे १२,००० दिले म्हणून फसवणूक’ हे गणितातच चूक आहे.

फोन किती वेळा चार्ज होतो, याचंही तेच. २०,००० भागिले ५,००० म्हणजे चार वेळा, हा हिशेब डोक्यातून काढून टाका. फोनची ५,००० एमएएचची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची असते, म्हणजे सुमारे १९ वॉट-अवर. फोन चार्ज होताना फोनच्या आतही थोडी ऊर्जा जाते, त्यामुळे शून्यापासून शंभरपर्यंत न्यायला पोर्टातून २२-२३ वॉट-अवर तरी लागतात. पॉवर बँक पोर्टावर ६० वॉट-अवर देत असेल तर अडीच ते पावणेतीन वेळा, यापेक्षा जास्त अपेक्षा धरू नये. ‘तीन वेळाही होत नाही’ हे वाक्य चांगल्या पॉवर बँकेलाही लागू पडतं. म्हणजे त्याने सिद्ध काहीच होत नाही.

मोजायचं असेल तर नीट मोजा

यूएसबी मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो घेतला, मध्ये खुपसला, आकडा पाहिला आणि रिव्ह्यू टाकला, एवढ्यावर घाईगर्दीची मंडळी खूश असतात. असल्या आकड्याला काडीची किंमत नाही. कारण तो चुकायच्या वाटा भरपूर आहेत.

सगळ्यात जास्त गोंधळ फास्ट चार्जिंगमुळे होतो. फोन आणि पॉवर बँक आपापसात ठरवून ५ ऐवजी ९ किंवा १२ व्होल्टवर जातात. तेव्हा ९ व्होल्टला तीच ६० वॉट-अवर ऊर्जा मीटरवर ६,७०० एमएएचच्या आसपास दिसते, आणि माणूस ‘२०,००० चे साडेसहा हजार!’ म्हणून बोंब मारतो. म्हणून एमएएचकडे बघूच नका, मीटरवरचा वॉट-अवरचा आकडा बघा. व्होल्टेज काहीही असलं तरी तो फसत नाही. रेटेड कपॅसिटीही तुलनेसाठी वॉट-अवरमध्ये करून घ्या: १२,००० एमएएच ५ व्होल्टला असेल तर ६० वॉट-अवर.

दुसरं, चाचणीत ऊर्जा खेचणारी वस्तू, म्हणजे लोड, म्हणून फोन वापरू नका. फोन भरत आला की करंट आपोआप कमी करतो, मध्येच स्क्रीन लागते, ॲप चालतात, आणि शेवटी करंट फारच कमी झाला की बऱ्याच पॉवर बँका ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून बंद होतात. आत चार्ज शिल्लक असतो, मीटर मात्र थांबलेला. त्यापेक्षा यूएसबीचा लोड मॉड्यूल मिळतो, १ किंवा २ अँपिअर सतत खेचणारा, तो लावा. तो चांगलाच तापतो, म्हणून फरशीवर ठेवा, गादीवर किंवा कागदांवर नको. बॉक्सवर रेटेड कपॅसिटी २ अँपिअरला दिली असेल तर चाचणीही २ अँपिअरलाच करायची. करंट जास्त घेतला की नुकसान वाढतं आणि आकडा कमी येतो, मग कंपनी बरोबर त्यावर बोट ठेवते.

मीटर थेट पॉवर बँकेच्या पोर्टात लावा, केबलच्या दुसऱ्या टोकाला नाही. स्वस्तातली बारीक केबल स्वतःच व्होल्टेज खाते, आणि तो दोष तुम्ही पॉवर बँकेच्या गळ्यात बांधता. चाचणीआधी पॉवर बँक पूर्ण चार्ज करा, सगळे दिवे स्थिर झाल्यावरही थोडा वेळ चार्जरवर राहू द्या. मीटर शून्यावर आणा. मग पॉवर बँक आपणहून बंद होईपर्यंत चालू द्या. १० वॉटच्या लोडला ६० वॉट-अवर संपायला सहा तासांच्या आसपास लागतात, म्हणजे रविवार काढायचा. आणि पुढच्या रविवारी पुन्हा एकदा. एकाच चाचणीवर भिस्त ठेवू नये, असा माझा तरी नियम आहे. दोन आकडे एकमेकांजवळ आले तर लिहायचं. खूप लांब आले तर चाचणीत काहीतरी चुकलंय.

समजा बॉक्सवर रेटेड कपॅसिटी १२,००० एमएएच, ५ व्होल्ट, २ अँपिअर अशी आहे. तुमच्या दोन चाचण्यांत ५२.१ आणि ५२.६ वॉट-अवर आले. ६० च्या जागी ५२, म्हणजे साधारण १३ टक्के कमी. स्वस्त मीटर एक-दोन टक्क्यांनी, कधी त्याहून थोडा जास्त चुकू शकतो, पण १३ टक्क्यांचं अंतर त्यात सहसा बसत नाही. आता तुमच्या हातात खरी तक्रार आहे. मघाच्या एक स्टारवाल्या माणसाकडेही बहुधा हीच तक्रार होती. फक्त त्याने ती चुकीच्या आकड्याशी तुलना करून मातीत घातली.

दुसरी चूक: काय झालं ते सोडून का झालं ते सांगणं

कमी क्षमता तुम्ही मोजली. ‘आत जुने सेल आहेत’ हे तुम्ही पाहिलंत का? पॉवर बँक उघडली होती का? उघडूही नका. लिथियम सेलला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं तर आग लागू शकते, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. ‘कंपनीला सगळं माहीत आहे’ हे तर कुणाच्या मनात शिरून पाहिल्याशिवाय कळणार नाही. ‘फसवणूक’ शब्दात हेतू येतो. क्षमता कमी भरण्यामागे खराब बॅच असेल, गोदामात वर्षभर पडून राहिल्याने सेल उतरले असतील, विक्रेत्याने नकली माल दिला असेल किंवा कंपनीने खरंच जाणूनबुजून केलं असेल. यातलं कोणतं खरं, हे बाहेरून सांगता येत नाही.

यात नुसत्या नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची व्याख्या आहे (जुन्या दंड संहितेत ती कलम ४९९ मध्ये होती), आणि कंपनीबद्दल केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो, असं तिथल्या स्पष्टीकरणातच म्हटलंय. उपरोधाने लिहिलं म्हणून सुटका होते असंही नाही, तोही प्रकार त्यात येतो. त्यामुळे ‘वा, काय प्रामाणिक कंपनी!’ किंवा ‘ही फसवणूक तर नव्हे ना?’ असा आडून वार करून आपण सुरक्षित झालो, या भ्रमात राहू नका. विधान खरं आहे आणि ते लोकहितासाठी केलं, हा बचाव कायद्यात आहे. पण खरं आहे हे दाखवायची वेळ आली तर ते लिहिणाऱ्यालाच दाखवावं लागतं. ५२ वॉट-अवर तुम्ही दाखवू शकता. कंपनीचा हेतू कसा दाखवणार?

मुंबई उच्च न्यायालयातलं पॅराशूट तेलाचं प्रकरण रिव्ह्यू लिहिणाऱ्याने समजून घ्यावं असं आहे. एका यूट्यूबरने २०१८ मध्ये या खोबरेल तेलावर टीका करणारा व्हिडिओ टाकला होता. त्यात तेल गोठवून बघण्याची घरगुती चाचणी होती आणि वेगळ्या प्रकारच्या, व्हर्जिन खोबरेल तेलाशी तुलना होती. मॅरिको कंपनी न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायाधीशांनी व्हिडिओ काढायचा अंतरिम आदेश दिला. विधानं मत म्हणून नाही तर वस्तुस्थिती म्हणून मांडली होती आणि त्यामागे पुरेसा आधार नव्हता, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. पुढे अपिलात काही भाग बदलून व्हिडिओ ठेवण्याची मुभा मिळाली. म्हणजे टीकेवर सरसकट बंदी आली नाही. कापलं गेलं ते चाचणीच्या पलीकडे जाऊन केलेलं विधान. तुलनेचीही तीच गत: एका जातीच्या वस्तूशी दुसऱ्या जातीची वस्तू ताडून ‘बघा, ही हलकी’ म्हणता येत नाही. १०,००० ची पॉवर बँक २०,००० च्या शेजारी ठेवून ‘तिच्यात दमच नाही’ म्हणणारे रिव्ह्यू आठवून बघा.

माझी सवय सोपी आहे. प्रत्येक वाक्याला विचारायचं: याचा फोटो, बिल, मीटरचा आकडा किंवा कंपनीचा ईमेल माझ्याकडे आहे का? असेल तर वाक्य राहतं. नसेल, पण ते माझं मत असेल, तर ‘मला’, ‘माझ्या मते’ असं स्पष्ट लिहून राहतं, आणि ते मत कशावरून बनलं तेही शेजारी येतं. दोन्ही नसेल तर वाक्य जातं. पण ‘माझ्या मते ही कंपनी चोर आहे’ लिहून चालत नाही. आधी ‘माझ्या मते’ चिकटवल्याने आरोपाचं मत होत नाही.

तापते, फुगते, फुटेल

‘इतकी तापते की फुटेल’ हे भविष्य आहे. ते पंचांगवाल्यांवर सोडा. मे महिन्यात नागपूरला ४४ अंशांत पॉवर बँक तापली तर तो तिचा दोष आहे की हवेचा, हे खोलीचं तापमान न लिहिता कळणारच नाही. लिहायचं ते असं: खोलीत किती अंश, किती वॉटवर किती वेळ चार्ज केली, पृष्ठभाग किती अंशांपर्यंत गेला. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर धरू नका. तो धातूचं तापमान न मोजता त्यात परावर्तित होणारी खोली मोजतो आणि आकडा कमी दाखवतो. साधी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, ती दोन मिनिटं गरम होऊ द्या, आणि टेपवर मोजा.

फुगणं मात्र वेगळं. सपाट टेबलावर ठेवल्यावर पॉवर बँक डुलत असेल, जोडणीची फट उघडली असेल, तर ते दिसतं आणि दाखवता येतं. शेजारी पट्टी ठेवून बाजूने फोटो काढा, तारीख लिहा आणि चार्ज करणं त्याच क्षणी बंद करा. असा रिव्ह्यू एका फोटोवर उभा राहतो, त्याला ‘स्फोट’ शब्दाची गरज नसते.

बाकीच्या, एकेका ओळीच्या

डिलिव्हरी उशिरा आली, खोका चेपला होता, ही तक्रार विक्रेत्याची. ती त्याच्या पानावर लिहा, वस्तूचे स्टार कापू नका.

‘सगळे पाच स्टारवाले रिव्ह्यू विकत घेतलेत’ हे लिहिणाऱ्यांपैकी एकानेही पावती पाहिलेली नसते. रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि छापावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलंय. संशय असेल तर ज्या संकेतस्थळावर ते रिव्ह्यू आहेत, त्याच्याकडे तक्रार करा.

‘नकली आहे’ म्हणण्याआधी पॉवर बँकेवरचा आर-क्रमांक, म्हणजे मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक, ब्यूरोच्याच ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. पॉवर बँकांना ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक सापडला नाही किंवा दुसऱ्याच उत्पादकाच्या नावावर निघाला, तर तसंच लिहा आणि स्क्रीनशॉट जोडा.

‘या कंपनीचा सगळाच माल असा’ लिहू नका. तुम्ही एक नग घेतला.

घेतल्याच्या दिवशी रिव्ह्यू टाकू नका. बॅटरीच्या वस्तूचं पहिल्या दिवशी रंग आणि वजन यापलीकडे काय सांगणार?

कस्टमर केअरच्या माणसाचं नाव आणि नंबर टाकू नका. तक्रार क्रमांक आणि तारीख पुरते.

तोच रिव्ह्यू, पुन्हा लिहिलेला

‘मॉडेल अमुक, २०,००० एमएएच. खरेदी ४ मार्च, उत्पादन महिना बॉक्सवर नोव्हेंबर. बॉक्सवर रेटेड कपॅसिटी १२,००० एमएएच, ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे ६० वॉट-अवर. २ अँपिअरच्या स्थिर लोडवर, २८ अंशांच्या खोलीत, पूर्ण चार्ज करून दोनदा मोजलं: ५२.१ आणि ५२.६ वॉट-अवर. मीटर साधा आहे, एक-दोन टक्के चुकू शकतो. ५,००० एमएएचचा माझा फोन दोनदा पूर्ण आणि तिसऱ्यांदा जेमतेम तीस टक्क्यांपर्यंत चार्ज झाला. ११ मार्चला कंपनीला ईमेल केला, १९ तारखेपर्यंत उत्तर नाही. बारीक अक्षरातला आकडाही भरत नसेल तर ही किंमत मला जास्त वाटते. माझ्याकडे एकच नग होता. मीटरचे फोटो सोबत.’

हा रिव्ह्यू पहिल्यापेक्षा कडक आहे. यात उडवून लावायला जागा नाही. कंपनीला एक तर दुसरा नग द्यावा लागेल किंवा आपली चाचणी दाखवावी लागेल. वाचणाऱ्यालाही कळतं की याने काय केलं, आणि हवं तर तो तेच करून बघू शकतो. ‘फसवणूक’ शब्द नसताना वाचणारा काय समजायचं ते समजतो.

आणि खरंच पैसे परत हवे असतील तर त्यासाठी रिव्ह्यूवर अवलंबून राहू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगाकडे जायचं तर मुदत दोन वर्षांची आहे. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, ही सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे. ‘आत जुने सेल आहेत’ या तुमच्या संशयाची तड तिथे लागते. तोवर पॉवर बँक फेकू नका आणि उघडू नका. बिल, खोका आणि मीटरचे फोटो एकत्र ठेवा.

कंपनीने नग बदलून दिला आणि तो बरोबर निघाला, तर जुना मजकूर पुसू नका. खाली तारीख टाकून नव्या नगाचा आकडा जोडा आणि वाटलं तर स्टार वाढवा. ‘रिव्ह्यू काढा, मग पैसे देतो’ असा निरोप आला तर त्यावर फोनवर बोलू नका, ईमेलवरच लिहून मागवा. तो ईमेल आला, तर तोही तुमच्याकडचा पुरावाच.